कसावा शिजवण्याआधी: साबुदाण्याच्या कंदातलं सायनाइड बाहेर कसं काढायचं

विदर्भात ज्याच्या घरी ढोरं आहेत त्याला ही गोष्ट सांगावी लागत नाही: पावसाने दडी मारली, ज्वारी गुडघाभरच राहिली आणि गाय त्या वावरात शिरली, तर तासाभरात गाय आडवी होते. कोवळ्या, पाण्यावाचून ताण खाल्लेल्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि चावल्यावर त्यातून हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचा वायू, सुटतो. तीच ज्वारी निसवून पक्व झाली की तिचा कडबा ढोरं वर्षभर खातात.

कसाव्याचं गणित याच चालीचं आहे. कसावा म्हणजे ज्याच्या स्टार्चपासून आपला उपासाचा साबुदाणा होतो तो कंद. कोणी त्याला साबुकंद म्हणतं, कोणी टॅपिओका. काडी लावली की उगवतो, पाणी कमी मागतो, म्हणून कुंपणाला किंवा परसात लावायला सोपा आहे. अडचण खाण्याच्या वेळी येते. रताळ्यासारखा दिसतो म्हणून रताळ्यासारखाच चुलीत भाजला किंवा कच्चा चावला, तर विषबाधा होऊ शकते. पहिल्यांदाच हा कंद घरात आणणाऱ्यांसाठी पुढची रीत क्रमाने दिली आहे.

विष कुठे असतं आणि कधी तयार होतं

कंदात तयार सायनाइड भरलेलं नसतं. कंदाच्या पेशींच्या आत लिनामारिन नावाचं द्रव्य साठवलेलं असतं आणि पेशीच्या भिंतीत लिनामारेज नावाचं एन्झाइम असतं. अख्ख्या कंदात ही दोघं एकमेकांना भेटत नाहीत. कंद कापला, किसला किंवा चावला की भिंत फुटते, एन्झाइम लिनामारिनला फोडतं आणि सायनाइड मोकळं होतं.

घरच्या रीतीसाठी यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. मोकळं झालेलं सायनाइड २६ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे उघड्या हवेत ते उडून जातं. न फुटलेलं लिनामारिन मात्र उडत नाही आणि नुसत्या उष्णतेने सहज मोडतही नाही, पण ते पाण्यात विरघळतं. आणि एन्झाइम उष्णतेने मरतं. म्हणून मोठा तुकडा एकदम उकळत्या पाण्यात टाकला, तर विष फोडणारं एन्झाइम आधी संपतं आणि लिनामारिन तुकड्याच्या पोटात तसंच राहतं. खाल्ल्यावर आतड्यातले जंतू ते फोडतात आणि सायनाइड पोटात सुटतं. नवखे लोक इथेच फसतात. तुकडा मऊ झाला म्हणजे विष गेलं, असा त्यांचा समज होतो. मऊ होणं आणि निर्विष होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी जात बघा

कसाव्याच्या गोड आणि कडू अशा जाती असतात. आंतरराष्ट्रीय अन्नमानकाप्रमाणे ताज्या कंदात किलोमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा कमी सायनाइड निघत असेल तर तो गोड कसावा. कडू जातींत हेच प्रमाण किलोला शेकडो मिलिग्रॅमपर्यंत जातं.

काडी कुठून आली हे विचारल्याशिवाय लावू नका. तामिळनाडूत सेलमच्या पट्ट्यात स्टार्च आणि साबुदाण्याच्या कारखान्यांसाठी एच-२२६, एच-१६५ यांसारख्या जाती घेतल्या जातात. कारखान्यात कंद किसून, धुऊन, स्टार्च वेगळा काढतात, त्यामुळे तिथे थोडा कडूपणा चालून जातो. घरी खायला लावायची असेल तर केरळात उकडून खाल्ली जाणारी एम-४, किंवा तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेच्या श्री जया, श्री विजया यांसारख्या जातींची खात्रीची काडी घ्या. कोणीतरी ‘छान येतो’ म्हणून दिलेली अनोळखी काडी शोभेला ठेवा, ताटात आणू नका.

गोड जातही नेहमी सारखीच वागत नाही. ज्वारीसारखंच, पाण्याचा ताण पडला की कसाव्यातलं विष वाढतं. ज्या वर्षी पाऊस मध्येच तुटला, त्या वर्षीचा कंद अधिक जपून हाताळावा. चवीवर पूर्ण भरवसा ठेवू नये. कडू लागला तर तो नक्की टाकायचा, पण कडू लागला नाही म्हणून सुरक्षित आहे असं धरायचं नाही.

उकडून खायचा असेल तर

१. कंद काढल्यावर लवकर, शक्यतो दुसऱ्या दिवसापर्यंत वापरा. कसावा बटाट्यासारखा टिकत नाही. दोन-तीन दिवसांत कापलेल्या भागावर निळसर काळ्या रेघा दिसू लागतात. असा कंद घेऊ नका.

२. माती धुऊन दोन्ही टोकं कापा. कंदावर दोन साली असतात: वरची तपकिरी, कागदासारखी, आणि तिच्याखालची जाड पांढरी किंवा गुलाबीसर साल. नवखे लोक फक्त वरची खरवडतात. पण विषाचं प्रमाण आतल्या गरापेक्षा सालीत बरंच जास्त असतं, त्यामुळे दोन्ही काढायच्या. सुरीने कंदावर उभी चीर द्या, चीर जाड सालीच्या खालपर्यंत जाऊ द्या आणि अंगठ्याने साल उचला. ताज्या कंदाची साल एका पट्टीत सुटून येते. मधला दोरा, म्हणजे कडक शीर, काढून टाका.

३. आता तुकडे. सगळ्या रीतीत महत्त्वाची पायरी हीच आहे. तुकडा सव्वा सेंटिमीटरपेक्षा मोठा नको, म्हणजे हाताच्या करंगळीच्या पेराहून लहान. असा तुकडा साधारण दोन-तीन ग्रॅमचा भरतो.

४. हे तुकडे मोठ्या गंजात घ्या आणि तुकड्यांच्या पाचपट थंड पाणी घाला. एक किलो तुकड्यांना पाच लिटर पाणी. थंड पाण्यातून सुरुवात करायची, कारण पाणी हळूहळू तापतं तोवर एन्झाइमला काम करायला वेळ मिळतो. आधी अर्धा-एक तास तसंच भिजू दिलं तर आणखी चांगलं.

५. झाकण न ठेवता उकळी आणा आणि उकळी आल्यावर किमान अर्धा तास उकळू द्या. खोलीत हवा खेळती असावी, खिडकी उघडी ठेवा.

६. पाणी पूर्ण ओतून टाका. या पाण्यात विरघळलेलं लिनामारिन असतं. वरणात, भाजीत, कणकेत ते वापरू नका आणि ढोरांच्या कुंडात तर अजिबात टाकू नका. केरळातही कसावा उकडल्यावर पाणी ओतून टाकतात. नवीन पाणी घालून आणखी एक उकळी दिली तर उरलेल्यातलाही काही भाग जातो.

७. एक तुकडा जिभेला लावून पहा. कडू लागला तर थुंका आणि सगळाच गंज खताच्या खड्ड्यात रिकामा करा.

मग फोडणी द्या, मिरची-सांबार घाला, दाण्याचं कूट घाला. उकडलेल्या कंदाचा उपासाचा पदार्थ उत्तम होतो.

प्रेशर कुकर या कामाला नको. त्यात पाणी कमी, झाकण बंद आणि उष्णता एकदम चढते. एन्झाइम लवकर मरतं आणि लिनामारिन धुऊन जायला पाणीही पुरेसं नसतं. आरावर भाजणं, वाफवणं आणि कच्चे काप तेलात तळणं यांचंही तेच. या तिन्हीत विष फारच थोडं कमी होतं, साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. चिप्स करायच्याच असतील तर काप आधी वरच्या रीतीने भरपूर पाण्यात उकळून, पाणी टाकून, वाळवून मग तळा.

एका किलोचा हिशेब

तुकड्याच्या आकारावर इतका भर का, ते आकड्यात पाहू. समजा गोड जातीचा सोललेला एक किलो कंद आहे आणि त्यात ४० मिलिग्रॅम सायनाइड सुटू शकेल इतकं द्रव्य आहे. पन्नास ग्रॅमचे, म्हणजे अर्ध्या बटाट्याएवढे, तुकडे करून उकळले तर साधारण तीन-चतुर्थांश विष आतच राहतं. दोन ग्रॅमचे तुकडे केले तर साधारण एक-चतुर्थांश राहतं. म्हणजे एकीकडे ३० मिलिग्रॅम, दुसरीकडे १०.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०११ साली एका दिवसात पोटात गेलेलं चालेल असं प्रमाण ठरवलं ते शरीराच्या दर किलो वजनाला ०.०९ मिलिग्रॅम सायनाइड. पन्नास किलो वजनाच्या बाईला ते साडेचार मिलिग्रॅम होतं, पंधरा किलोच्या लेकराला सव्वा मिलिग्रॅमच्या थोडं वर.

आता वाढून पहा. मोठ्या तुकड्यांतला पाव किलो खाल्ला तर त्या बाईच्या पोटात साडेसात मिलिग्रॅम जातात, मर्यादेच्या बरेच वर. लहान तुकड्यांतला पाव किलो खाल्ला तर अडीच मिलिग्रॅम, मर्यादेच्या आत. लेकराला मात्र लहान तुकड्यांतलाही शंभर ग्रॅमपेक्षा जास्त वाढू नये, कारण तेवढ्यातच एक मिलिग्रॅम होतो. आणि हा हिशेब गोड जातीचा आहे. कंद जर किलोला ३०० मिलिग्रॅमचा कडू असेल तर लहान तुकडे करूनही ७५ मिलिग्रॅम उरतात. म्हणून कडू किंवा अनोळखी कंद उकडून खायचाच नाही.

पीठ करायचं असेल तर

कंद जास्त निघाले आणि टिकवायचे असतील तर पीठ करतात. इथे विदर्भातलं ऊन फसवतं. मे महिन्यात गच्चीवर काप टाकले की दिवसात कडक वाळतात आणि सगळ्यांना वाटतं, एवढ्या उन्हात विष राहिलंच कसं असेल. प्रत्यक्षात उलट होतं. एन्झाइमला काम करायला ओलावा लागतो. काप झपाट्याने वाळला की एन्झाइमचं काम अर्ध्यात थांबतं आणि न फुटलेलं लिनामारिन वाळलेल्या कापात अडकून पडतं. वाळवणापेक्षा किसणं जास्त कामाचं आहे, कारण किसल्यावर जवळजवळ प्रत्येक पेशी फुटते.

दोन्ही साली काढलेला गोड जातीचा कंद बारीक किसणीवर किसा. बारीक म्हणजे खोबऱ्याच्या किसाहून बारीक, जवळजवळ लगदा. हे काम अंगणात, मोकळ्या हवेत करा. पाच-दहा किलो कंद बंद खोलीत किसायला बसलात तर सुटणारा वायू तिथेच साठतो. किस सुती फडक्यात बांधून सावलीत एक दिवस ठेवा, मग वर पाट्याचा दगड ठेवून पाणी निथळू द्या. हे पाणीही विषारी. कोंबड्या तिथे चोच घालणार नाहीत अशा जागी खड्ड्यात मुरवा. दाबलेला किस हाताने मोकळा करून पातळ थरात कडक वाळवा आणि दळा.

दळल्यावरही काम संपत नाही. अन्नमानकाप्रमाणे कसाव्याच्या पिठात किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त सायनाइड नको आणि घरचं पीठ त्या खाली आलंच असेल असं गृहीत धरता येत नाही. त्यासाठी ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले हॉवर्ड ब्रॅडबरी यांनी एक सोपी रीत बसवली. ती आफ्रिकेतल्या खेड्यांतून बायकांनी उचलली, कारण तिला यंत्र लागत नाही.

जेवढं पीठ त्या दिवशी लागणार तेवढं एका भांड्यात सपाट भरा आणि पिठाच्या उंचीवर आतल्या बाजूला खूण करा. थोडं थोडं पाणी घालत कालवा. आधी पीठ खाली बसतं, मग फुगून वर येतं. ओलं पीठ पुन्हा खुणेपर्यंत आलं की थांबा. हे ओलं पीठ ताटात किंवा फडक्यावर एक सेंटिमीटरपेक्षा जाड होणार नाही असं पसरा. उन्हात दोन तास, सावलीत पाच तास. या वेळात उरलेलं एन्झाइम उरलेलं लिनामारिन फोडतं आणि वायू उडून जातो. पिठातलं विष तिसऱ्या ते सहाव्या हिश्श्यावर येतं. मग त्याच दिवशी त्याचं घाटं किंवा भाकर शिजवून खायची. ओलं पीठ रात्रभर तसंच ठेवू नका, बुरशी येते. थर जाड झाला तर आतला वायू बाहेर पडत नाही, त्यामुळे सेंटिमीटरची मर्यादा पाळायची.

साबुदाणा आणि कुरडई यांत फरक एवढाच की एकात कसावा, दुसऱ्यात गहू. आपण गहू भिजवून, वाटून, चीक काढून, वरची निवळ ओतून टाकतो. साबुदाण्याच्या कारखान्यात कंद सोलून, किसून, भरपूर पाण्यात धुतात आणि तळाशी बसलेला स्टार्च घेतात. लिनामारिन आणि मोकळं सायनाइड धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातं. म्हणून बाजारातल्या साबुदाण्याची भीती बाळगू नये. घरी तो भिजवतो ते मऊ होण्यासाठी.

रोज खाल्ला तर

अधूनमधून नीट शिजवलेला कसावा खाणाऱ्याला शरीर सांभाळून घेतं. यकृतात सायनाइडचं थायोसायनेट होतं आणि ते लघवीवाटे जातं. या कामाला गंधक लागतं आणि ते डाळी, अंडी, दूध, मांस यांतल्या प्रथिनांतून येतं. ताटात डाळ नसेल आणि आठवडेच्या आठवडे अर्धवट प्रक्रिया केलेला कसावाच पोटात जात असेल, तर पाय कायमचे लुळे आणि ताठ पडतात. आफ्रिकेत या रोगाला कोंझो म्हणतात. मोझांबिकमध्ये १९८१च्या दुष्काळात त्याची मोठी साथ आली होती. पूर्व विदर्भातल्या जुन्या माणसांना हे वर्णन ओळखीचं वाटेल, कारण दुष्काळात नुसती लाखोळी खाऊन पाय जाण्याचा प्रकार दिसायला असाच असतो. लाखोळीतलं विष वेगळं आहे, सायनाइड नाही, पण दोन्हींची पाळी येते ती ताटात दुसरं काही नसतं तेव्हा. कसावा डाळीसोबत खा, डाळीच्या जागी नको.

कडू बदामाचं काय

कडू बदामात लिनामारिनचा भाऊबंद असतो, अमिग्डालिन. चावल्यावर त्यातूनही सायनाइड सुटतं आणि सोबत बेंझाल्डिहाइड, ज्याच्यामुळे ‘बदामाचा वास’ येतो. एका कडू बदामातून साधारण ४ ते ९ मिलिग्रॅम सायनाइड सुटू शकतं. वरच्या हिशेबाप्रमाणे मोठ्या माणसालाही एखादाच बदाम मर्यादेपाशी नेतो आणि पाच-दहा बदाम लेकराचा जीव घेऊ शकतात.

यावर घरगुती प्रक्रिया करू नका. रात्री भिजवून सकाळी साल काढण्याच्या आपल्या रीतीने कडू बदाम निर्विष होत नाही, कारण विष सालीत नसून गरात आहे आणि अख्खा बदाम भिजवल्याने पेशी फुटत नाहीत. कारखान्यात कडू बदाम कुटून, पाण्यात मुरवून, ऊर्ध्वपातनाने तेल काढतात आणि मग रसायनांनी त्यातलं सायनाइड वेगळं करतात. ते चुलीवरचं काम नव्हे. गोड बदामांच्या पाकिटात एखादा कडू निघाला तर गिळू नका, थुंका, चूळ भरा. जर्दाळूच्या बियांचा गरही अमिग्डालिनवालाच असतो. बदामासारखा दिसतो म्हणून लेकरांना देऊ नका. शाळेच्या अंगणात पानांची मोठी छत्री धरणारा देशी बदाम मात्र वेगळ्या कुळातला आहे, त्याचा यात संबंध नाही.

साली, पाला आणि ढोरं

कसाव्याच्या पाल्यातही लिनामारिन भरपूर असतं. बकरीला तो आवडतो, म्हणून कुंपणाला लावलात तर बकऱ्या पोचणार नाहीत असं बघा. सोललेल्या साली उघड्यावर टाकू नका, खताच्या खड्ड्यात टाकून वर माती ओढा. ढोर किंवा बकरी खाऊन थरथरू लागली, श्वास जोराने घेऊ लागली तर लगेच पशुवैद्यकाला बोलवा आणि कसावा खाल्ल्याचं सांगा. ज्वारी लागलेल्या ढोराला जे सोडियम थायोसल्फेटचं इंजेक्शन देतात तेच इथेही लागतं, आणि मिनिटांचा प्रश्न असतो.

माणसाला जेवल्यानंतर काही मिनिटांत ते काही तासांत डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, उलटी, पोटात कळ, धाप ही लक्षणं दिसली तर लिंबूपाणी, ताक, उलटी काढणं यात वेळ घालवू नका. १०८ला फोन करा, जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि दारातच सांगा, ‘कसावा खाल्ला आहे, सायनाइडची बाधा असू शकते.’ उरलेला कंद आणि शिजवलेलं अन्न पिशवीत घालून सोबत न्या. घरातल्या ज्यांनी तेच अन्न खाल्लं आहे त्यांनाही, बरं वाटत असलं तरी, सोबत घेऊन जा.